यांचं ७८ जास्त आणि माझं १२८ चालतं, हे कसं?

डॉक्टर, नमस्कार. माझे मिस्टर ५२ वर्षांचे. गेल्या वर्षी गणपतीत यांना हार्ट अ‍ॅटॅक आला, एक स्टेंट टाकला. परवाच्या रिपोर्टमध्ये यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७८ आलं. कागदावर शंभरच्या आत चांगलं असं छापलंय, तरी डॉक्टरांनी गोळी बदलून आणखी जोराची दिली आणि ५५ च्या खाली आणायचं म्हणाले. त्याच दिवशी माझंही तपासलं, ते १२८. मला मात्र म्हणाले, गोळी नको, सहा महिन्यांनी बघू. मी ४८ वर्षांची, बीपी-शुगर काही नाही. अ‍ॅटॅक आला त्या वेळीही यांचं ९६ च होतं, मग कोलेस्टेरॉलमुळे आला असं कसं म्हणायचं? नणंद म्हणते, इतकं कमी केलं तर मेंदूवर परिणाम होतो. यांच्या जुन्या कॅप्सूलची दीड पट्टी उरलीय, ती मी घेतली तर चालेल का? दोघांचे रिपोर्ट आणि यांच्या कंपनीतल्या जुन्या तपासणीचा कागद सोबत पाठवतेय.
— एक वाचक, इचलकरंजी

ताई, आधी त्या दीड पट्टीचं बोलतो, कारण बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, ते थांबणार नाही. ती कॅप्सूल घेऊ नका. पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. अँजिओप्लास्टीनंतर आपल्याकडे बऱ्याचदा एकाच कॅप्सूलमध्ये तीन औषधं देतात: कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन आणि त्याच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारी दोन, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. तुमची पट्टी तशी निघाली, तर कोलेस्टेरॉलची गोळी समजून तुम्ही रक्त पातळ करणारी औषधं पोटात घालाल. काही कारण नसताना ती घेतली, तर जठरातून रक्तस्राव होऊ शकतो.

हीच पट्टी मिस्टरांच्या बाजूनेही तपासायला हवी. ते जुनी कॅप्सूल आणि नवी गोळी दोन्ही घेत असतील, तर दोन स्टॅटिन एका वेळी पोटात जातायत. आणि नवी गोळी आली म्हणून कॅप्सूल बंद केली असेल, तर तिच्यातली रक्त पातळ ठेवणारी औषधंही तिच्याबरोबर बंद झाली असतील, तो धोका याहून मोठा. अ‍ॅटॅकनंतर ही दोन औषधं साधारण वर्षभर एकत्र देतात आणि त्यानंतर एक पुढे चालू ठेवतात. ती अचानक थांबली तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. नव्या चिठ्ठीवर ती वेगळी लिहिलीत का ते आजच बघा. नसतील तर उद्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावा. चिठ्ठी बदलताना होणारा हा घोळ मी दरवर्षी पाहतो आणि तो नेहमी घरातल्या गोळ्यांच्या डब्यातच सापडतो.

आता आकड्यांकडे येऊ.

तुमच्या रिपोर्टवर उजवीकडे जो शंभरचा आकडा छापलाय, तो तुमच्यासाठीही काढलेला नाही आणि यांच्यासाठीही नाही. अमेरिकेतल्या कोलेस्टेरॉलविषयीच्या तज्ज्ञगटाने २००१ मध्ये एलडीएलच्या पायऱ्या पाडल्या: १०० च्या खाली उत्तम, १०० ते १२९ जवळपास उत्तम, १३० ते १५९ सीमेवर, १६० ते १८९ जास्त, १९० च्या पुढे फार जास्त. आपल्याकडच्या बहुतेक लॅबचे कागद अजून त्याच पायऱ्या छापतात. रक्ताच्या नळीवर नाव, वय आणि बारकोड असतो. छातीत स्टेंट आहे की नाही हे नळीवर लिहिलेलं नसतं. म्हणून मशीनने यांच्या ७८ समोर कसलीच खूण केली नाही आणि तुमचं १२८ जाड अक्षरात छापलं. मशीनचं त्यात काही चुकलं नाही. पण हा कागद ठरवण्यासाठी नसतो, मोजण्यासाठी असतो. किती असावं हे ज्याच्या अंगातलं रक्त आहे त्याच्यावरून ठरतं.

मग तुमच्या दोघांत फरक काय? स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी, साधारण दोन-तीन सेंटिमीटर लांबीची. ज्या जागी रक्तवाहिनी बुजली होती, तेवढी जागा ती उघडी धरते. पण कोलेस्टेरॉलचा थर काही नेमका तेवढ्याच दोन सेंटिमीटरमध्ये साठत नाही. हृदयाच्या तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, मानेच्या आणि पायांच्या वाहिन्यांतही तो वर्षानुवर्षं कमीअधिक जमत असतो. अ‍ॅटॅक येतो तो असा एखादा थर फुटून त्यावर गुठळी बसते तेव्हा, आणि पुष्कळदा फुटतो तो थर आधी वाहिनी फारशी अरुंद करणाराही नसतो. मिस्टरांच्या बाबतीत एक थर फुटला आणि तिथे जाळी बसली. बाकीचे थर जिथल्या तिथे आहेत. त्यांतला कुठला पुढे फुटेल हे अँजिओग्राफीच्या चित्रावरून छातीठोक सांगता येत नाही. सगळ्या थरांवर एकाच वेळी काम करणारी जी औषधं आहेत, त्यांत एलडीएल कमी करणारी सर्वांत वरची. २००६ च्या एका अभ्यासात रक्तवाहिनीच्या आत सोनोग्राफीची बारीक तार घालून हे थर मोजले होते. जोराच्या स्टॅटिनने रुग्णांचं सरासरी एलडीएल सुमारे १३० वरून ६१ वर आणलं तेव्हा दोन वर्षांत थर किंचित आकसलेले दिसले. वाढायचे थांबले एवढंच नाही, थोडे मागे गेले.

तुमच्या रक्तवाहिन्यांत काहीच नाही असं मी म्हणत नाही. वयाच्या ४८ व्या वर्षी थोडं काहीतरी बहुतेकांच्या असतं. पण त्याने अजून काही केलेलं नाही आणि तुमच्या बाकीच्या गोष्टी पाहता येत्या दहा वर्षांत काही करण्याची शक्यता कमी आहे. दोन लक्ष्यं वेगळी असण्याचं मूळ इथे आहे.

हे हिशोबात मांडून पाहू. स्टॅटिनच्या अनेक मोठ्या चाचण्यांची माहिती एकत्र करून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलीय: एलडीएल सुमारे ३९ ने कमी केलं की अ‍ॅटॅक आणि पक्षाघातासारख्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. हे प्रमाण धोका जास्त असलेल्यांत आणि कमी असलेल्यांत जवळजवळ सारखंच असतं. फरक पडतो तो कशाचा पंचमांश काढायचा यात. समजा, तुमच्यासारख्या शंभर बायकांपैकी दहा वर्षांत तिघींना असा त्रास होणार आहे. त्याचा पंचमांश म्हणजे एकीलाही पुरती नाही. शंभर जणींनी दहा वर्षं रोज गोळी घ्यायची आणि त्यांतल्या एकीचाही अ‍ॅटॅक चुकेलच असं नाही. आता समजा, यांच्यासारख्या शंभर पुरुषांपैकी तीस जणांना पुन्हा काहीतरी होणार आहे. त्याचा पंचमांश म्हणजे सहा माणसं. तीन आणि तीस हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, तुमचं भाकीत म्हणून नाही. पण अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यांत धोका खरोखरच या पट्टीत असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नुकताच अ‍ॅटॅक किंवा तसा त्रास झालेले १८,१४४ रुग्ण होते. नुसत्या स्टॅटिनवर असलेल्या गटात सात वर्षांत शंभरातल्या जवळपास ३५ जणांना मृत्यू, पुन्हा अ‍ॅटॅक, पुन्हा स्टेंट किंवा बायपास, पक्षाघात यांपैकी काहीतरी घडलं.

ही चाचणी तुमच्या प्रश्नाच्या अगदी मर्मावर आहे. त्या गटाचं एलडीएल होतं सरासरी ७० च्या आसपास, म्हणजे मिस्टरांच्या ७८ पेक्षाही बरं. दुसऱ्या गटाला त्याच स्टॅटिनबरोबर एझेटिमाइब नावाची गोळी दिली आणि एलडीएल ५४ वर आणलं. सात वर्षांत घटना शंभरात ३४.७ वरून ३२.७ वर आल्या, म्हणजे शंभर माणसांमागे दोन. हा आकडा मी फुगवून सांगणार नाही. डोळे दिपवणारा तो नाहीच. पण त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, ७० ला थांबायचं काही कारण नाही, त्याखाली उतरण्याचाही फायदा आहे. दुसरी, स्टॅटिनशिवाय दुसऱ्या औषधाने उतरवलं तरी फायदा होतोच. त्या दुसऱ्या गटात स्नायूंचा, यकृताचा किंवा कॅन्सरचा त्रासही वाढला नाही.

अशा चाचण्यांच्या आधारे युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांनी २०१९ मध्ये अ‍ॅटॅक किंवा स्टेंट झालेल्यांसाठी ५५ च्या खाली हे लक्ष्य ठरवलं आणि त्याचबरोबर मूळ आकड्याच्या निम्म्यावर तरी यायला हवं अशी अटही घातली. २०२४ मध्ये आपल्या कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानेही अशा रुग्णांसाठी ५५ हाच आकडा धरला. लिपिड असोसिएशन ऑफ इंडिया तर ५० च्या खाली म्हणते. कुणी तुम्हाला ७० पुरे असं सांगितलं, तर ते चुकीचं ऐकून आलेत असं समजू नका. काही वर्षांपूर्वी आम्हीही ७० च म्हणत होतो. तुमच्यासारख्या कमी धोक्याच्या माणसासाठी मात्र कार्डिओलॉजिकल सोसायटीचं लक्ष्य १०० च्या आतच आहे आणि तिथे पोचायला पहिलं पाऊल गोळीचं नसतं.

आता यांचं ५५ कसं गाठायचं, ते त्यांच्याच कागदावर पाहू. कंपनीतल्या तपासणीत, अ‍ॅटॅकच्या दोन वर्षं आधी, यांचं एलडीएल होतं १४८. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० वर ते ७८ झालं, म्हणजे ४७ टक्के उतरलं. एवढ्या डोसकडून एवढीच अपेक्षा असते. औषध व्यवस्थित घेतलं जातंय याची ही खूण. इथून ५५ ला यायचं तर आणखी जवळपास तीस टक्के उतरवावं लागेल. बऱ्याच घरांत वाटतं की डोस दुप्पट केला म्हणजे परिणामही दुप्पट होईल. स्टॅटिनचं तसं नाही. डोस दुप्पट केला की मूळ आकड्याच्या जेमतेम सहा टक्के जास्त उतरतं. १४८ चे सहा टक्के म्हणजे नऊ. ७८ चे ६९ होतील आणि तिथेच अडकतील. म्हणून डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन २० आणि एझेटिमाइब १० एकत्र असलेली गोळी दिलीय. रोसुव्हास्टॅटिन २० चा जोर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ८० च्या जवळपास जातो, म्हणजे एलडीएल सत्तरच्या आसपास येईल. एझेटिमाइब वेगळ्या जागी काम करतं, आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं थांबवतं, आणि उरलेल्यातलं आणखी वीस-बावीस टक्के उतरवतं. सत्तरचे वीस-बावीस टक्के काढले की ५५ च्या आसपास येतं. तुमच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही, हिशोब केला.

तरीही नाही उतरलं तर पुढे बेम्पेडोइक अ‍ॅसिडची गोळी आहे आणि इंजेक्शनं आहेत. त्यांतलं एक सुरुवातीच्या दोन डोसनंतर सहा महिन्यांतून एकदाच घ्यावं लागतं. ती चांगली उतरवतात, पण महाग आहेत. मिस्टरांना आत्ता त्यांची गरज दिसत नाही.

अ‍ॅटॅकच्या वेळच्या ९६ मुळे तुम्ही फसलात, आणि तुमचा त्यात दोष नाही. ते रक्त घेतलं होतं भरती झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, कागदावर तारीख आहे. हार्ट अ‍ॅटॅकसारखा मोठा आघात झाला की एक-दोन दिवसांत एलडीएल आपोआप खाली येतं आणि काही आठवडे तसंच राहतं. त्यात भरती झाल्या दिवसापासून त्यांना जोराचं स्टॅटिन सुरू होतं, त्याचाही परिणाम दोन-तीन दिवसांत दिसायला लागतो. म्हणून ९६ हा त्यांचा नेहमीचा आकडा नव्हे. थर वाढत गेला तो १४८ च्या काळात, आणि त्याआधीची किती वर्षं तेवढंच होतं हे कुणी मोजलेलं नाही. कंपनीतला तो जुना कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा. औषध सुरू होण्याआधीचा तो एकच खरा आकडा तुमच्याकडे आहे, आणि निम्म्याची अट तपासायची तर त्याच्यावरूनच तपासता येते.

परवाच्या ७८ विषयीही एक गोष्ट सांगायला हवी. बहुतेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, बाकीच्या आकड्यांवरून काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा करायचं, आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या चरबीला पाचाने भागून तेही वजा करायचं. यांचं एकूण १५८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१०. १५८ मधून ३८ गेले, १२० उरले. २१० चा पाचवा हिस्सा ४२, तो गेला, ७८ उरले. हिशोब बरोबर आहे. पण एलडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त अशी जोडी असली की ही पद्धत एलडीएल खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवते. त्यामुळे यांचं खरं एलडीएल ७८ पेक्षा थोडं जास्तच असण्याची शक्यता आहे. अशा वेळी मी मधला आकडा बघतो, तो १२०. एकूण कोलेस्टेरॉलमधून नुसतं एचडीएल वजा केलेला. त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. त्यात भाग-गुणिले काही नाही, म्हणून चुकायला जागा नाही. स्टेंट झालेल्या माणसात तो ८५ च्या खाली लागतो. १२० आणि ८५ मधलं अंतर बघा, म्हणजे गोळी का बदलली ते लख्ख दिसेल. आणि ट्रायग्लिसराइडसाठी यांच्या संध्याकाळच्या फरसाण-बिस्किटांकडे आणि दारू असेल तर तिच्याकडेही लक्ष द्या, तो आकडा तिकडून चढतो.

नणंदेची काळजी मला खोटी वाटत नाही, मेंदूत कोलेस्टेरॉल भरपूर असतं हे खरंच आहे. पण मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. रक्तातलं एलडीएल मेंदूच्या भोवतीचा पडदा ओलांडून आत जात नाही. नवजात बाळाचं एलडीएल तीसच्या आसपास असतं आणि त्या वयात मेंदू सर्वांत वेगाने वाढत असतो. इंजेक्शनने एलडीएल तीसपर्यंत उतरवलेल्या रुग्णांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग तपासणारी एक चाचणी २०१७ मध्ये झाली. सुमारे दोन हजार लोक त्यात होते, आणि औषधाच्या व औषधाविना असलेल्या गटांत फरक आढळला नाही. खरा त्रास दुसरीकडे होऊ शकतो. काहींना स्टॅटिनने मांड्या-पोटऱ्या दुखतात. थोड्या लोकांत, विशेषतः शुगर आधीच सीमेवर असेल तर, मधुमेह थोडा लवकर उघडा पडतो. मांड्या दोन्ही बाजूंना सारख्या दुखायला लागल्या, जिना चढताना पाय साथ देईनासे झाले किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर डॉक्टरांना लगेच कळवा. ते एक रक्ततपासणी करून डोस किंवा औषध बदलतील. दुखतंय म्हणून घरच्या घरी बंद करू नका.

आणि घरच्या घरी बंद होण्याचं याहून नेहमीचं कारण दुखणं नसतंच. ते असतं चांगला रिपोर्ट. माझ्याकडे एक शिक्षक येतात. स्टेंट झाल्यावर त्यांचं एलडीएल ५२ आलं. कुणीतरी म्हणालं, आता नॉर्मल आहे, कशाला गोळ्या? त्यांनी स्टॅटिन तेवढं सोडलं, बाकीचं नेमाने घेत राहिले. तीन महिन्यांनी एलडीएल १३९. ते म्हणाले, ‘अहो, पण मी खाण्यात काहीच बदल केला नव्हता.’ बदल खाण्यात नव्हताच. ५२ हा गोळीने धरून ठेवलेला आकडा होता. हात सोडला की काही आठवड्यांत तो मूळ जागी जातो. मिस्टरांचा पुढचा रिपोर्ट ५४ आला, तर तो पेढे वाटण्यासारखा आहे, पण गोळी आहे तशीच चालू राहील.

आता तुमच्याकडे. तुमच्या १२८ वर डॉक्टरांनी गोळी दिली नाही ते बरोबर, आणि सहा महिन्यांनी बोलावलं तेही बरोबर. मधल्या काळात स्वयंपाकघरात काम आहे. एलडीएल सर्वांत जास्त चढतं ते तूप-साय-लोणी, वनस्पती तूप, बेकरीची खारी आणि नानकटाई, ओल्या खोबऱ्याचं वाटण, मटणाची चरबी यांनी. हे सगळं बंद करा असं मी म्हणणार नाही, पण आठवड्याचा हिशोब ठेवून निम्म्यावर आणा. भाजी-आमटीला शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल मापून घ्या, हाताच्या अंदाजाने नको. आमटीत डाळ दाट ठेवा, रोज एक मोडाची उसळ करा, आणि संध्याकाळी इसबगोलचा एक-दीड चमचा भरपूर पाण्यात घ्या. नुसतं इसबगोल नियमाने घेतलं तरी एलडीएल पाच ते दहा टक्के उतरू शकतं. पाळी जाण्याच्या सुमाराला बायकांचं एलडीएल वर सरकतं, तुमच्या १२८ मागे तेही असू शकतं. हे सगळं करून सहा महिन्यांनी ११० आलं, तर मी समाधानी असेन.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि ती मला हवीय. तुमच्या आई-वडिलांना, भावंडांना अ‍ॅटॅक आला होता का, आणि कितव्या वर्षी? वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत अशा कारणाने आजारी पडली असेल, तर तुमचं १२८ मी वेगळ्या नजरेने बघेन. तसंच, तुमच्या जागी मधुमेह असलेली बाई असती तर तिचं लक्ष्य १०० वर थांबलं नसतं. अ‍ॅटॅक आलेला नसतानाही ते ७० पर्यंत येतं. आणि एलडीएल १९० च्या वर असेल, तर माणूस कितीही धडधाकट दिसो, तिथे सहसा आनुवंशिक कारण असतं आणि गोळी पहिल्याच भेटीत सुरू करावी लागते. या कशातच तुम्ही नसाल आणि तरी निर्णय अधांतरी राहिला, तर डॉक्टर हृदयाचा कॅल्शियम स्कोअर सांगतील. तो इंजेक्शनशिवायचा, मिनिटभराचा सीटी स्कॅन असतो. स्कोअर शून्य आला तर गोळी काही वर्षं पुढे ढकलता येते. चांगला चढा आला, तर रक्तवाहिनीत थर जमलाय हे कळतं आणि गोळीला कारण मिळतं. मिस्टरांना मात्र तो करायचं काही कारण नाही. त्यांच्या थराचा पुरावा गेल्या गणपतीतच मिळालाय.

गोळी बदलल्या तारखेपासून चार ते आठ आठवड्यांच्या आत मिस्टरांचं लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. आधी केलं तर औषधाचा पुरता परिणाम दिसणार नाही, फार उशीर केला तर मधले महिने वाया जातील. उपाशीपोटी जायलाच हवं असं नाही, पण यांचं ट्रायग्लिसराइड जास्त असल्यामुळे बारा तास उपाशी राहून दिलेलं बरं. त्याच वेळी एकदाच लिपोप्रोटीन-ए नावाच्या, एलडीएलसारख्याच कणाची तपासणी करून घ्या. ती आयुष्यात एकदा केली की पुरते, कारण तो आकडा जन्मतः ठरलेला असतो. तो ५० मिलिग्रॅमच्या वर आला, तर यांच्या बाबतीत ५५ चा आग्रह आणखी धरायला हवा.

पाकिटात आणखी एक कागद दिसला, मुलाच्या नोकरीच्या मेडिकलचा, चुकून आला असावा. त्यात कोलेस्टेरॉल तपासलेलंच नाही. वडिलांना ५५ च्या आत अ‍ॅटॅक आला म्हणजे त्याच्यासाठी ही माहिती महत्त्वाची. त्याचं लिपिड प्रोफाइल याच महिन्यात करा, आणि वडिलांचं लिपोप्रोटीन-ए जास्त निघालं तर त्याचंही तेवढं एकदा तपासून घ्या.